एफआयआयच्या लाल आकड्याने उडालेली झोप

"रोज संध्याकाळी एफआयआयचा आकडा लाल दिसतो. परदेशी लोक एवढे विकतायत, तर माझे म्युच्युअल फंडही काढून घेऊ का? रात्री झोप लागत नाही."

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक निवृत्त शिक्षक माझ्यासमोर वही घेऊन बसले. वहीत रोजची तारीख, पुढे एफआयआयचा म्हणजे परदेशी गुंतवणूक संस्थांचा खरेदी वजा विक्री असा निव्वळ आकडा, आणि जवळजवळ प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ. मी विचारलं, "सर, शेजारी म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा देशी संस्थांचा रकाना कुठाय?" तो नव्हताच.

आम्ही तो भरला. महिनाअखेरचं चित्र असं होतं: रोखीच्या बाजारात परदेशी संस्थांनी सुमारे १.१४ लाख कोटींची निव्वळ विक्री केली आणि देशी संस्थांनी सुमारे १.०७ लाख कोटींची खरेदी. निफ्टी साधारण ६ टक्के पडला. सरांचा प्रश्न लगेच आला, "एवढी खरेदी झाली, तर पडला का?"

कारण विकणाऱ्याला घाई होती आणि घेणाऱ्याला नव्हती. फंडांकडे एसआयपीचा पैसा दर महिन्याला येतो. फंड मॅनेजर भाव खाली यायची वाट बघू शकतो. प्रत्येक शेअरला गिऱ्हाईक मिळतंच, ते कोणत्या भावाला मिळतं यावर दिशा ठरते. मार्च २०२० मध्ये परदेशी विक्री याच्या जवळपास निम्मी, सुमारे ६२ हजार कोटी होती, तरी निफ्टी २३ टक्के कोसळला. तेव्हा भीतीपोटी गिऱ्हाईक फार खाली उभं होतं. म्हणून नुसता आकडा किती मोठा आहे यावरून पडझड मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट, संध्याकाळी एक्स्चेंज देतं तो आकडा तात्पुरता असतो, आणि तो येतो तोवर बाजार बंद झालेला असतो. त्या दिवसाचा परिणाम भावात उतरून गेलेला असतो. शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल या संस्थेचा आकडा नंतर येतो, त्यात आयपीओतली खरेदीही धरलेली असते. त्याच ऑक्टोबरची शेअर्समधली विक्री तिथे सुमारे ९४ हजार कोटी दिसते. मधले २० हजार कोटी आयपीओसारख्या प्राथमिक बाजारात गेले होते. म्हणजे सरांना वाटत होतं तसे सगळे पैसे देशाबाहेर गेले नव्हते.

मी त्यांना एका दिवसाचा आकडा सोडून दहा दिवसांची बेरीज लिहायला सांगितली, दोन्ही रकान्यांची, आणि शेजारी निफ्टीचा बंद भाव. विक्री चालू असून निफ्टी खाली जायचा थांबला, तर समजायचं की घेणारे आता त्याच भावाला तयार आहेत. फंड विकायचे की नाही, हे मात्र पैसे कधी लागणार यावर ठरवलं. त्यांना सात वर्षं लागणार नव्हते, म्हणून हात लावला नाही.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "आज दोघंही खरेदीत दिसतायत. मग विकलं कोणी?" मी ब्लॉक डीलची, म्हणजे मोठ्या एकगठ्ठा सौद्यांची, यादी बघायला सांगितली. एका कंपनीच्या प्रवर्तकांनी मोठा हिस्सा विकला होता आणि तो संस्थांनी घेतला होता. सरांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि दहा दिवसांच्या बेरजेतून तो बाजूला काढला.