‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही’ म्हणून समितीने तक्रार फेटाळली, तर?

“मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला काम करते. विभागप्रमुख रात्री-बेरात्री नको ते मेसेज पाठवायचे. एकदा स्टोअररूममध्ये त्यांनी अंगाला हात लावला, तेव्हा मी अंतर्गत समितीकडे तक्रार केली. मेसेज दिले. त्याच संध्याकाळी मी सगळं एका मैत्रिणीला सांगितलं होतं, ती तिथेच काम करते, तिचाही जबाब झाला. अहवालात यातलं काहीच नाही. एवढंच लिहिलंय: ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसल्याने आरोप संशयातीत सिद्ध होत नाही. उभयतांना समज देण्यात यावी.’ एचआरला दोन अर्ज दिले, उत्तर नाही. दोन महिने होऊन गेले. आता काय करू?”
– एक वाचक, सांगली

ताई, एचआरला तिसरा अर्ज देऊ नका. पॉश कायद्याच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे समितीच्या शिफारशीविरुद्ध अपील ९० दिवसांत करावं लागतं. एचआरकडे पडून असलेल्या अर्जांमुळे ही मुदत थांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक पत्रांत हेच झालेलं असतं: साहेब बघतील, वरून काहीतरी येईल, या आशेवर मुदतीतला मोठा भाग निघून जातो. दिवस मोजताना अहवाल हातात आल्याची तारीख धरू नका, अहवालावर सदस्यांच्या सहीखाली असलेली तारीख धरा. अहवाल पाच तारखेचा आणि तुम्हाला मिळाला तेवीसला, तर मधले दिवस तुमच्या खात्यातून गेले असंच समजून चाला. उशीर माफ करण्याची वेगळी तरतूद या कायद्यात लिहिलेली नाही. मुदत उलटल्यावर वकील वाद घालेल, पण तुमचं सगळं प्रकरण मग त्या एका वादावर अडकून बसेल.

आता अहवालाकडे. त्यातला एकच शब्द तुमच्या अपिलाचा कणा आहे: ‘संशयातीत’. तो फौजदारी कोर्टाचा निकष आहे. तिथे आरोपीला तुरुंगात जावं लागतं, म्हणून वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. समितीची चौकशी ही खात्याअंतर्गत चौकशी असते. तिथे प्रश्न वेगळा आहे: समोर आलेला सगळा पुरावा एकत्र पाहिला तर घटना घडली असण्याची शक्यता जास्त, की घडली नसण्याची? पारडं थोडं जरी ‘घडली’कडे झुकलं, तरी समितीला तसा निष्कर्ष काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध ए. के. चोप्रा या निकालात सांगितलं होतं की अशा प्रकरणात बारीकसारीक विसंगती आणि तांत्रिक मुद्द्यांत न अडकता एकूण शक्यता पाहा. इतकी वर्षं झाली, तरी समित्यांना ‘प्रत्यक्षदर्शी’ लागतोच. बंद खोलीत कोण साक्षीदार ठेवून अंगाला हात लावतं? ही अट मान्य केली तर स्टोअररूममधली एकही तक्रार कधी सिद्ध होणार नाही.

तुमच्या पुराव्यावर निकष बरोबर लावला असता तर अहवालात साधारण असं यायला हवं होतं: “तक्रारदाराने अमुक तारखांचे मेसेज सादर केले. विरुद्ध पक्षाने ते पाठवल्याचे मान्य अथवा अमान्य केले, त्याचे कारण अमुक. साक्षीदार महिलेने घटना पाहिलेली नाही, परंतु तक्रारदाराने त्याच संध्याकाळी तिला हकिकत सांगितली व ती तक्रारीशी जुळते. तक्रारदाराने खोटे सांगण्याचे कारण समितीसमोर आले किंवा आले नाही. सबब घटना घडल्याची शक्यता अधिक आहे किंवा नाही.” पुरावा कोणता, त्याला वजन किती, का दिलं आणि का नाही, हे सगळं कागदावर दिसलं पाहिजे. तुमच्या अहवालात तुमच्याविरुद्ध निष्कर्ष आहे, याच्याइतकीच गंभीर गोष्ट ही की तो निष्कर्ष कसा काढला हेच कुठे दिसत नाही. जो पुरावा दिला आणि घेतला, त्याचा उल्लेखही नसणं हा अपिलातला दुसरा मुद्दा.

मात्र निकष चुकला म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. मेसेज आपले नाहीतच असं विभागप्रमुखांचं लेखी उत्तर आहे, की पाठवले पण गमतीत होते असं, यावर बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. मैत्रिणीने तुमच्याकडून ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे तिच्या जबाबाला मर्यादा आहे. तो आधार देतो, एकटा उभा राहत नाही. मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर ‘हे बनावट आहेत’ असा आक्षेप लगेच येतो.

‘उभयतांना समज’ ही शिफारस तर कायद्यात कुठेच बसत नाही. आरोप सिद्ध झाला नाही, तर कलम १३(२) प्रमाणे समितीने ‘कारवाई नको’ एवढंच कळवायचं असतं. मग विभागप्रमुखांना समज कशाबद्दल? आणि तक्रारदारावर कारवाई कलम १४ खालीच होऊ शकते, तीही तक्रार द्वेषबुद्धीने किंवा खोटी आहे हे जाणून केली, किंवा बनावट कागद दिले, असा निष्कर्ष निघाला तर. केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून कारवाई करता येत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्याबद्दल असा निष्कर्षच नाही. म्हणजे तुम्हाला दिलेली समज बिनबुडाची आहे, आणि ती सेवापुस्तकात गेली तर पुढे बढतीच्या वेळी बाहेर निघेल. ती रद्द करा, ही स्वतंत्र मागणी अपिलात घाला. दोघांनाही थोडं थोडं सुनावून प्रकरण मिटवायची ही सवय मला अजिबात मान्य नाही.

अपील कुठे, हे कंपनीच्या सेवानियमांवर ठरतं. नियमांत अपिलाची सोय असेल तर तिथे, नसेल तर कायद्याखालच्या नियम ११ प्रमाणे. हे तुमचे कागद पाहून इथल्या कामगार कायद्याच्या वकिलाने आठवडाभरात ठरवावं. समितीसमोर वकील चालत नव्हता, अपिलात चालतो. जबाबांच्या आणि कामकाजाच्या प्रती समितीकडे लेखी मागा, पण त्या येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरात आलंय म्हणून थेट तिकडे रिट याचिका टाकू, असं कोणी सुचवेल. अपिलाचा मार्ग मोकळा असताना तिथे पहिला प्रश्न हाच येईल की अपील का केलं नाही.

अपील मान्य झालं तरी अनेकदा अहवाल रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीला समितीकडे परत जातं, लगेच न्याय मिळत नाही, हेही धरून चाला. तोपर्यंत अहवालाचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. कलम १६ ची गोपनीयता तुम्हालाही लागू आहे, आणि समोरची बाजू पहिल्या तारखेला तेच दाखवेल.