निर्यात युनिटसाठी अर्ज: ग्रेडिंग आणि मार्करचे काम शब्दांत कसे मांडावे

सप्रेम आशीर्वाद.

निर्यात करणाऱ्या गारमेंट युनिटसाठी लिहिलेला तुझा अर्जाचा मसुदा मी दोनदा वाचला. भाषा नीट आहे, पण आठ वर्षे पॅटर्न कापणाऱ्या माणसाचे काम त्यात कुठेच दिसत नाही. ‘ग्रेडिंग व मार्कर मेकिंगचा दांडगा अनुभव’ हे वाक्य गेल्या महिन्यात कामाला लागलेला मदतनीससुद्धा लिहू शकेल, आणि ते खरे की खोटे हे ठरवण्याचा कोणताही मार्ग वाचणाऱ्याच्या हाती राहत नाही. अर्ज कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे गेला, तरी मत विचारले जाते ते सॅम्पलिंगच्या किंवा कटिंगच्या प्रमुखाला. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: या माणसाने ग्रेड केलेला साइज सेट बायरकडून मंजूर होईल का, आणि याच्या मार्करवर, म्हणजे कापडावर तुकडे मांडण्याच्या आराखड्यावर, नगामागे कापडाचे ॲव्हरेज किती बसेल? तुझ्या अर्जाने या दोन प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने द्यावीत, की वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन ती पडताळता येतील.

ग्रेडिंगपासून, म्हणजे एका साइजच्या पॅटर्नवरून बाकीच्या साइज काढण्यापासून, सुरुवात करू. तू मला मागे सांगितलेला लेडीज शर्टचा प्रसंग मसुद्यात का नाही, याचे मला नवल वाटले. एम साइजचा नमुना मंजूर झाला होता. त्यात मुंढ्याची शिवण ४६ सेंटिमीटर आणि बाहीच्या वरच्या गोलाची शिवण ४७ सेंटिमीटर होती, म्हणजे बाहीत एक सेंटिमीटर जास्तीची लांबी होती. सपाट बसणाऱ्या शर्टाच्या बाहीला एवढी पुरते. पण मिळालेल्या ग्रेड रूलप्रमाणे दर साइजला मुंढा १.४ सेंटिमीटरने वाढत होता आणि बाहीचा गोल १.८ सेंटिमीटरने. चार मिलिमीटरचा हा फरक एका साइजमध्ये कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. तो साठत जातो. एलमध्ये जास्तीची लांबी १.४, एक्सएलमध्ये १.८ आणि डबल एक्सएलमध्ये २.२ सेंटिमीटर झाली, आणि तिथे खांद्याजवळ चुण्या पडू लागल्या. उलट एक्सएसमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर उरल्यामुळे बाही ओढली जात होती. मेजरमेंट चार्टमधले प्रत्येक माप मात्र चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत होते, कारण गोलाच्या शिवणीची लांबी त्या चार्टमध्ये दिलेलीच नव्हती.

तू सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या साइजची बाही मुंढ्यावर शिवणीने शिवण फिरवून मोजलीस, म्हणून हे सापडले. बायरने दंडाचा घेर आणि बाहीची एकूण लांबी ठरवून दिली होती, त्यांना हात लावता येत नव्हता; गोलाची उंची मात्र आपल्या अखत्यारीत होती. तिची वाढ दर साइजला सहा मिलिमीटरऐवजी तीन केल्यावर गोलाच्या शिवणीची वाढ मुंढ्याच्या वाढीच्या अगदी जवळ आली. एकूण लांबी तीच राहिल्याने बगलेखालची शिवण तेवढीच वाढली, पण ती बाहीच्या दोन्ही कडांना सारखी वाढते, म्हणून जोडताना अडचण आली नाही. हे सगळे अर्जात पाच-सहा ओळींत मावते. मी ते असे लिहीन:

‘लेडीज शर्टच्या एक्सएस ते डबल एक्सएल या श्रेणीत, बाहीचा गोल दर साइजला मुंढ्यापेक्षा ०.४ सेंटिमीटर जास्त वाढत असल्याचे टोकाच्या साइजच्या शिवणी जुळवून पाहताना माझ्या लक्षात आले. बायरने दिलेला दंडाचा घेर व बाहीची लांबी कायम ठेवून मी गोलाच्या उंचीची वाढ ०.६ वरून ०.३ सेंटिमीटर केली आणि खाचांच्या जागा नव्याने ठरवल्या. साइज सेट शिवण्यापूर्वी बदलाची लेखी मान्यता घेतली होती.’

शेवटचे वाक्य गाळू नकोस. निर्यातीच्या कामात ग्रेड रूल बहुधा बायरचा असतो, आणि तो परस्पर बदलणारा कटर कितीही हुशार असला तरी युनिटला धोक्याचा वाटतो. चूक शोधली आणि विचारून दुरुस्त केली, हे दोन्ही वाचणाऱ्याला कळले पाहिजे. शिवणी जुळवण्याच्या खाचांचा उल्लेखही मुद्दाम ठेवला आहे, कारण गोल बदलून खाच जुन्याच जागी राहिली तर बाही फिरलेली बसते, आणि हे ओळखणारा माणूस त्या एका शब्दावरून तुझी पारख करील.

आता मार्कर. तुझ्या मसुद्यात ‘८५ ते ९० टक्के एफिशियन्सी मिळवतो’ असे आहे. हे वाक्य काढून टाक. टक्का खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण कापडाची वापरात येणारी रुंदी, साइजचे प्रमाण, एका मार्करमध्ये किती नग, आणि तुकडे एकाच दिशेने ठेवायचे होते की उलटसुलट चालत होते, हे माहीत असल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही. एकाच दिशेच्या छापाच्या कापडावर ८२ टक्के हे उत्तम काम असू शकते, आणि उलटसुलट चालणाऱ्या साध्या कापडावर तोच आकडा हलगर्जीपणाचा ठरू शकतो.

त्याऐवजी त्याच शर्टच्या ऑर्डरमधली तुझी दुसरी कामगिरी लिही. मुख्य चार साइज एस, एम, एल, एक्सएलचे मिळून ६,००० नग १:२:२:१ या प्रमाणात कापायचे होते. टोकाच्या दोन साइजचे थोडे नग वेगळे होते, ते या हिशोबात धरू नकोस. एका मार्करमध्ये सहा शर्ट, म्हणून १,००० थर. काठ वगळून कापडाची रुंदी १४५ सेंटिमीटर धरून मार्कर ९ मीटरचा बसला, म्हणजे शर्टामागे १.५० मीटर. मग तू प्रत्येक रोल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजलास, आणि जवळपास निम्म्या कापडाची रुंदी १४८ सेंटिमीटर निघाली. नेहमीची पद्धत अशी की सर्वांत अरुंद रोलवर एकच मार्कर काढायचा आणि रुंद रोलच्या कडेची पट्टी वाया घालवायची. तू रुंद रोल वेगळे काढून त्यांच्यासाठी दुसरा मार्कर केलास. तो ८.८२ मीटर बसला, शर्टामागे १.४७ मीटर. पाचशे थरांवर प्रत्येकी १८ सेंटिमीटर वाचले, म्हणजे ९० मीटर, सुमारे साठ शर्टांचे कापड.

इथे एक गोष्ट नीट पाहा, कारण मुलाखतीत ती विचारली जाण्याजोगी आहे. सहा शर्टांच्या सर्व तुकड्यांचे क्षेत्रफळ सुमारे ११.०९ चौरस मीटर होते. पहिल्या मार्करचे क्षेत्रफळ ९ गुणिले १.४५, म्हणजे १३.०५ चौरस मीटर, दुसऱ्याचे ८.८२ गुणिले १.४८, तेही १३.०५च. दोन्हीकडे एफिशियन्सी ८५ टक्के. टक्का तसूभरही हलला नाही, आणि तरी ९० मीटर कापड वाचले. टक्का मार्करच्या चौकटीच्या आतला अपव्यय सांगतो. चौकटीच्या बाहेर रोलच्या कडेला राहिलेल्या पट्टीची त्याला खबर नसते. म्हणून अर्जात टक्का लिहायचाच असेल तर तो नगामागच्या ॲव्हरेजच्या मागे लिही, पुढे नाही:

‘१४५ व १४८ सेंटिमीटर अशा दोन रुंदींचे रोल वेगळे करून मी दोन मार्कर तयार केले. १:२:२:१ प्रमाणात सहा नगांच्या मार्करवर ॲव्हरेज अनुक्रमे १.५० व १.४७ मीटर आले. एफिशियन्सी दोन्हींत ८५ टक्के होती. सर्व तुकड्यांची ग्रेन लाइन पॅटर्नवर दाखवल्याप्रमाणे ठेवली होती.’

ग्रेन लाइनचे वाक्य का, ते तुला ठाऊक आहे. तुकडा कापडाच्या उभ्या धाग्यापासून किंचित तिरका करून एफिशियन्सी एक-दोन टक्के वाढवणारे बरेच असतात, आणि धुतल्यावर बाजूची शिवण पुढे वळून आली की त्याची किंमत कळते. आपण ते केले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्याचबरोबर, रुंदीनुसार मार्कर वेगळे करणे नेहमीच परवडते असा सूर लावू नकोस. रुंद रोल थोडेच असतील, किंवा रंगछटांचे गट आधीच अनेक असतील, तर दर गटाला कापडाच्या थरांचे दोन-दोन ले लावण्यात टेबल अडकून पडते. ही मर्यादा तुला कळते, हे तोंडी विचारल्यावर सांग. अर्जात जागा खर्च करू नकोस.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ‘कॅड येते’ असे मोघम न लिहिता कोणता प्रोग्राम वापरलास ते लिही, आणि ग्रेड रूलचा तक्ता तू स्वतः तयार करत होतास की तयार तक्ता लावत होतास, हेही स्पष्ट लिही. हाताने ग्रेडिंग येत असेल तर त्याला एक वाक्य दे. कारखान्याला त्याची रोज गरज नसते, पण संगणकावरचा नेस्ट, म्हणजे एकमेकांवर ठेवलेल्या सर्व साइजची आकृती, चुकीचा दिसला की तो का चुकला हे त्याच माणसाला लवकर उमगते. जुन्या युनिटमधल्या बायरचे नाव, स्टाइल क्रमांक किंवा त्यांच्या पॅटर्नच्या फाइली अर्जासोबत जोडू नकोस. त्या तुझ्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या फाइली घेऊन येणारा उद्या आमच्याही घेऊन जाईल, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. जोडायचेच असेल तर तू स्वतः काढलेल्या एखाद्या साध्या शर्टचा सर्व साइजचा नेस्ट आणि लहान प्रमाणात छापलेला मार्कर जोड. त्यावर रुंदी, प्रमाण, लांबी आणि नगामागचे ॲव्हरेज लिहिलेले असावे.

अर्ज एका पानाचा ठेव. पहिल्या परिच्छेदात पद, अनुभवाची वर्षे आणि कपड्यांचे प्रकार, तेही फक्त ज्यांचे ग्रेडिंग तू स्वतः केले आहे तेच, मग वरचे दोन प्रसंग, मग प्रोग्राम, आणि शेवटी एवढेच की ‘आपण द्याल त्या बेस पॅटर्नवर चार साइजचे ग्रेडिंग व मार्कर प्रत्यक्ष करून दाखवण्याची माझी तयारी आहे.’ हे वाक्य लिहिलेस की चाचणी बहुधा होईलच. त्या दिवशी दिलेल्या पॅटर्नवर पहिला रूल लावण्याआधी बेस साइजच्या सगळ्या शिवणी एकमेकींवर फिरवून बघ, कारण चाचणीसाठी दिलेल्या पॅटर्नमध्ये बाजूची शिवण मुद्दाम अर्धा सेंटिमीटर कमी-जास्त ठेवलेली असू शकते. तसे आढळले तर आपल्या मनाने दुरुस्त न करता आधी समोरच्याला दाखव, आणि कोणती बाजू प्रमाण मानायची ते विचारून मगच ग्रेडिंगला हात घाल.

दुरुस्त मसुदा पाठवशील तेव्हा दोन्ही मार्करच्या लांब्या मूळ नोंदीवरून पुन्हा तपासून पाठव.

तुझा शुभचिंतक