मीटर ब्रिज: R बदलला की X का सरकतो, आणि रोधकता जास्त का येते?

प्रश्न: बारावीचं मीटर ब्रिजचं प्रॅक्टिकल आहे. कॉन्स्टंटनची ८० सेंमी तार डाव्या गॅपमध्ये, रेझिस्टन्स बॉक्स उजव्या गॅपमध्ये. R = १, ३, १० ओहमला नल पॉइंट ७८.१, ५४.० आणि २५.८ सेंमीवर मिळाला. त्यावरून X = ३.५७, ३.५२, ३.४८ येतो. गॅप अदलाबदल करूनही हा उतार जात नाही. स्क्रू गेजने व्यास ०.४० मिमी, म्हणून रोधकता ५.५ × १०⁻⁷ ओहम-मीटर. पुस्तकात ४.९ आहे. एंड करेक्शन कसं काढायचं आणि चूक नक्की कुठे आहे?

उत्तर:

तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका आहेत. X चा उतार एंड करेक्शनमुळे येतो आहे. रोधकता जास्त येण्याचं कारण मात्र ते नाही, ते व्यासात आहे. आधी उताराचं पाहू.

X सरकतो हे वाचनातल्या चुकीने होत नसेल ना, हे पहिल्यांदा तपासायचं. जॉकी १ मिमी इकडेतिकडे झाली तर X मध्ये किती टक्के फरक पडतो, हे १०० × Δl / (l × (१०० − l)) या पदावरून कळतं. त्याला पुन्हा १०० ने गुणलं की टक्केवारी मिळते. मध्यावर हा फरक ०.४ टक्के असतो, तुमच्या ७८.१ ला जवळपास ०.६ टक्के, म्हणजे ०.०२ ओहम. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या X मधला फरक ०.०९ आहे. शिवाय R वाढतो तसा X एकाच दिशेने उतरतो. चुकून झालेली वाचनं अशी ओळीने उतरत नाहीत, वरखाली होतात. म्हणून हा उपकरणाचा कायमचा दोष आहे.

तो येतो कुठून? सूत्र धरून चालतं की ब्रिजची तार बरोबर ० ला सुरू होते, १०० ला संपते आणि टोकांना काहीच रोध नाही. प्रत्यक्षात तार जिथे तांब्याच्या पट्टीला झाळलेली किंवा स्क्रूखाली दाबलेली असते तिथे थोडा रोध असतोच. पट्टीचाही थोडा असतो. तुमच्या ब्रिजच्या तारेचा एकूण रोध ३ ओहम धरला, तर १ सेंमी म्हणजे ०.०३ ओहम. टोकाला ०.०१५ ओहमचा रोध असला तरी तार अर्धा सेंमी लांब असल्यासारखं होतं. डाव्या टोकाची ही जादा लांबी α, उजव्याची β. मग खरं सूत्र असं:

X / R = (l + α) / (१०० − l + β)

पट्टीवरचा शून्य आणि तारेचं टोक जुळत नसेल तर तेही याच α आणि β मध्ये येतं, एकात मिळवलं जातं आणि दुसऱ्यातून वजा होतं. म्हणून कधी α ऋण आला तर घाबरून उत्तर बदलू नका. रेझिस्टन्स बॉक्सपर्यंत जाणाऱ्या वायरींचा रोध मात्र α, β मध्ये मोजला जात नाही. तो थेट R मध्ये मिसळतो, म्हणून त्या वायरी आखूड आणि जाड तांब्याच्या हव्यात.

आता अदलाबदलीबद्दल. जर्नलमध्ये बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की X आणि R ची जागा बदलून सरासरी घेतली की टोकांची चूक निघून जाते. ते अर्धंच खरं आहे. समजा α आणि β अगदी सारखे आहेत. तर डावीकडे X असताना जी चूक येते, तीच उजवीकडे असतानाही येते, तेवढीच आणि त्याच दिशेने. सरासरीत ती जशीच्या तशी राहते. अदलाबदलीने फक्त α आणि β यांच्यातला फरक कटतो, त्यांची बेरीज कटत नाही. ही बेरीज एकाच जागी आपोआप निष्प्रभ होते: नल पॉइंट मध्यावर असताना. म्हणून तर R असा निवडायला सांगतात की l ४० ते ६० च्या आत पडेल. R = ३ ला आलेला तुमचा ३.५२ जवळपास बरोबर आहे, तो यामुळेच.

α, β मोजायला दोन माहीत असलेले रोध लागतात. डावीकडे P = १० ओहम, उजवीकडे Q = १ ओहम ठेवा. दोन बॉक्स नसतील तर एका बाजूला प्रयोगशाळेतली स्टँडर्ड कॉइल चालते. नल पॉइंट l. मग दोघांची अदलाबदल करा, आता नल पॉइंट m. त्यावरून:

α = (Q·l − P·m) / (P − Q)

β = (P·l − Q·m) / (P − Q) − १००

समजा l = ९१.२ आणि m = ८.७ आले. α = (९१.२ − ८७) / ९ = ०.४७ सेंमी. β = (९१२ − ८.७) / ९ − १०० = ०.३७ सेंमी. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या ब्रिजचे तुम्हालाच काढावे लागतील. ते त्या ब्रिजचे असतात, प्रयोगाचे नव्हे, त्यामुळे दुसऱ्या टेबलावरचे α, β आपल्या वहीत उतरवण्यात अर्थ नाही.

१० आणि १ च का? P = २, Q = १ घेतले तर m मधली १ मिमीची चूक α मध्ये २ मिमी होऊन उतरते. १० आणि १ ला ती १.१ मिमीच राहते. गुणोत्तर मोठं हवं ते एवढ्यासाठी. पण इथे एक धोका आहे. बॉक्सची चावी नीट बसली नसेल आणि तिचा रोध ०.०१ ओहम असेल, तर १ ओहमवर ती १ टक्का चूक होते आणि α, β दोन्ही सुमारे १ मिमीने कमी येतात. प्रत्येक चावी दाबून थोडी फिरवून घट्ट करायची, आणि काळवंडलेली असेल तर आधी पुसायची.

आता हेच α, β तुमच्या वाचनांना लावून पाहू. R = १ ला (७८.१ + ०.४७) / (२१.९ + ०.३७) म्हणजे ७८.५७ / २२.२७ = ३.५३. R = ३ ला ३ × ५४.४७ / ४६.३७ = ३.५२. R = १० ला १० × २६.२७ / ७४.५७ = ३.५२. उतार गेला. दुरुस्तीनंतरही उतार राहिला असता तर ब्रिजची तार सगळीकडे सारखी जाड नाही असं समजायचं. मध्यभागी ती हमखास झिजलेली असते, कारण सगळे तिथेच नल पॉइंट शोधतात आणि जॉकी टेकवून उचलण्याऐवजी घासत नेतात.

आता रोधकता. सूत्र ρ = π d² X / (४ L). X मध्ये वरची सगळी मेहनत करून १ टक्का सुधारला. d मात्र वर्गात आहे. स्क्रू गेजचा लघुतम माप ०.०१ मिमी, आणि तुमची तार साधारण ०.३८ मिमीची. म्हणजे एका भागाचा फरक व्यासात २.६ टक्के आणि रोधकतेत ५.३ टक्के. X = ३.५२, L = ०.८० मीटर घेऊन d = ०.३७ ठेवला तर ρ = ४.७ × १०⁻⁷, ०.३८ ला ५.० आणि ०.४० ला ५.५. तुमचं उत्तर व्यासाच्या २ भागांनीच बिघडलेलं दिसतं.

हे २ भाग दोन ठिकाणांहून येऊ शकतात, आणि दोन्ही ओळखता येतात. स्क्रू गेज रिकामा ठेवून रॅचेटने बंद करा. ०.०२ दाखवत असेल तर ती धन शून्य-त्रुटी आहे, वाचनातून वजा करा. शून्यच दाखवत असेल तर तारेवर एनॅमलचा थर आहे का ते पाहा. टर्मिनलपाशी आपण तो काढतो, पण व्यास मात्र थरासकट मोजला जातो. एका टोकाला तो काचपेपरने हलकेच काढून तिथे मोजा. जास्त घासलं तर धातूही निघतो, मग व्यास उलट कमी येईल. व्यास पाच-सहा ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांना घ्यायचा, कारण वापरातली तार बऱ्याचदा चपटी झालेली असते. स्क्रू नेहमी रॅचेटनेच फिरवा, बोटांच्या जोराने बारीक तार दबते.

व्यासाची पडताळणी करायची असेल तर केमिस्ट्रीच्या लॅबमधला वजनकाटा वापरा. एनॅमल नसलेल्या ८० सेंमी तारेचं वस्तुमान मोजा. कॉन्स्टंटनची घनता ८.९ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे. तार ०.३७६ मिमीची, म्हणजे २८ गेजची असेल तर वस्तुमान ०.७९ ग्रॅम भरायला हवं. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजत असेल तरी छेदाचं क्षेत्रफळ सव्वा टक्क्यापर्यंत कळतं. स्क्रू गेजपेक्षा हे कितीतरी चांगलं आहे.

लांबी मोजताना फक्त दोन टर्मिनलच्या मधली मोजा. तार जिथे स्क्रूखालून बाहेर येते तिथे ती वाकवून खूण करा आणि सोडवून, सरळ करून पट्टीवर धरा. स्क्रूखालचे दोन्हीकडचे २-२ सेंमी मोजले गेले तर रोधकता ५ टक्के कमी येते. व्यास जास्त मोजल्याची चूक त्याने झाकली जाते आणि उत्तर चुकूनच 'बरोबर' दिसतं.

पुस्तकातल्या यादीत तापमानामुळे निर्माण होणारा विद्युतदाबही असतो. ब्रिजच्या तारेवर साधारण १ व्होल्ट असेल तर १ मिमीला १ मिलिव्होल्ट पडतो. तांबं-कॉन्स्टंटनच्या जोडाला दर अंशाला सुमारे ०.०४ मिलिव्होल्ट मिळतो, म्हणजे बोटाच्या उबेने नल पॉइंट मिलिमीटरचा छोटा अंशच हलेल. तरी शंका आली तर सेलची चावी काढून जॉकी टेकवा. काटा हलला तर सेल उलटा जोडून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या.

कमाल त्रुटी लिहिताना X साठी ०.४, L साठी ०.१ आणि व्यासासाठी ५.३ टक्के धरा, म्हणजे ५.८. व्यास ०.३८ आला तर उत्तर (५.० ± ०.३) × १०⁻⁷ ओहम-मीटर असं लिहा. पुस्तकातलं ४.९ त्याच्या आतच बसतं.