प्रबंधविधान नेमकं कसं करायचं आणि ते प्रत्येक परिच्छेदात कसं टिकवायचं?

प्रश्न: माझ्या इतिहासाच्या निबंधावर शेरा आला, ‘मुद्दा मोघम आहे, परिच्छेद भरकटतात.’ नेमकं काय बदलू?

उत्तर: प्रबंधविधान म्हणजे निबंधभर सिद्ध करायचा मुख्य दावा. आधी या विधानाला विरोधक शोधा. ‘छपाईमुळे युरोपात मोठे बदल झाले’ हे कोण नाकारेल? आता हे पाहा: ‘जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे विचार सामान्यांपर्यंत पोहोचले ते लॅटिन ग्रंथांमुळे नव्हे, तर जर्मन भाषेतल्या छोट्या, स्वस्त पत्रकांमुळे.’ इथे भाषा, आकार आणि किंमत अशी तीन कारणं आली. शिवाय कुणीही म्हणू शकतं, बहुतेकांना वाचताच येत नव्हतं, खरं काम प्रवचनांनी केलं. म्हणजे वादाला जागा आहे.

मग प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि विधानाखाली ठेवून वाचा. ‘गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास छपाई सुरू केली’ हे खरं आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. भरकटणं बहुधा इथूनच सुरू होतं. तेच असं लिहा: ‘छापखाने कित्येक दशकं होतेच, पण मोजक्या पानांचं पत्रक झटपट छापून होई, म्हणून वाद ताजा असतानाच ते हाती पडे.’ आता माहिती आकाराच्या मुद्द्यासाठी राबते आहे.

निरक्षरतेच्या आक्षेपाला स्वतंत्र परिच्छेद द्या, तो टाळू नका. पत्रकं मोठ्याने वाचून दाखवली जात, हे तिथे मांडा. एवढ्यानेही आक्षेप पुरता मिटत नसेल, तर विधानातलं ‘पत्रकांमुळे’ बदलून ‘मुख्यतः पत्रकांमुळे’ करा. लिहिताना विधान बदललं तर बिघडत नाही. फक्त प्रस्तावनेत जुनं तसंच राहू देऊ नका.