कन्फर्मेशनचं पत्र लांबलं तर व्हेरिएबल बुडतं

प्रश्न : पुण्यातल्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय. फिक्स्ड 15 लाख, व्हेरिएबल 3 लाख 60 हजार. 16 सप्टेंबरला जॉइन व्हायचंय. प्रोबेशन सहा महिने, नोटीस 90 दिवस. मी फोनवर होकार दिला आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामाही देऊन टाकला. आता नीट वाचताना काही वाक्यं खटकतायत. एचआर म्हणते, सगळ्यांना हेच असतं. शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. पत्राची सगळी पानं सोबत पाठवतेय. सही करू का?

उत्तर : राजीनामा देण्याआधी ही पानं वाचली असती, तर आज तुमच्या हातात थोडं बळ असतं. ऑफर लेटर न वाचता राजीनामा टाकणारे इतके जण लिहितात की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही. असो. शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि तुमच्या पत्रात खरं भांडण्यासारखं वाक्य एकच आहे. ते व्हेरिएबलच्या पानावर नाही, प्रोबेशनच्या पानावर आहे.

प्रोबेशनच्या कलमाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सहा महिने झाल्यावर कंपनीला योग्य वाटल्यास मुदत वाढवता येईल, आणि लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत तुम्ही प्रोबेशनवरच आहात असं समजलं जाईल. किती वाढवणार, किती वेळा, कधीपर्यंत कळवणार, यातलं काहीही लिहिलेलं नाही. आता व्हेरिएबलच्या कलमातला एक शब्द बघा : 31 मार्चला 'कन्फर्म्ड' असलेल्या कर्मचाऱ्यालाच त्या आर्थिक वर्षाचं व्हेरिएबल. दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि कॅलेंडर घ्या.

16 सप्टेंबरला जॉइन झालात की सहा महिने 15 मार्चला संपतात. 31 मार्चपर्यंत उरतात 16 दिवस. मार्च महिना, अप्रेझलची गडबड, मॅनेजर क्लायंटकडे, फॉर्म एचआरच्या टेबलावर. पत्र 10 एप्रिलला आलं, तर कोणी दुष्टपणा केला असंही म्हणता येणार नाही, पण 31 मार्चला तुम्ही कन्फर्म्ड नव्हतात एवढं खरं. 16 सप्टेंबर ते 31 मार्च हे 197 दिवस. 3 लाख 60 हजारांचा त्या दिवसांचा वाटा साधारण 1 लाख 94 हजार. तेवढे गेले, काम कितीही चांगलं असलं तरी. म्हणजे दहा दिवसांच्या दिरंगाईची किंमत दोन लाखांच्या घरात, आणि दिरंगाई करणाऱ्याला त्याची झळ शून्य.

'सहा महिने झाले की आपोआप कन्फर्म होतो' असं ऑफिसात सर्रास सांगितलं जातं. कायदा तसं सरसकट म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली पंजाबच्या धरम सिंग प्रकरणात म्हटलं, की नियमांनी प्रोबेशनला कमाल मर्यादा घातली असेल आणि ती उलटल्यावरही नोकरी चालू ठेवली असेल, तर कन्फर्मेशन गृहीत धरता येतं. 2001 मध्ये मध्य प्रदेशच्या एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने भेद आणखी स्पष्ट केला. कमाल मर्यादाच नसेल, किंवा मर्यादा असूनही कन्फर्मेशनसाठी स्वतंत्र आदेश लागेल असं लिहिलं असेल, तर नुसता वेळ गेल्याने कोणी कन्फर्म होत नाही. ही दोन्ही प्रकरणं सरकारी सेवेतली आहेत. खासगी कंपनीत शेवटी तुमच्या पत्रातले शब्द बघितले जातात, आणि तुमच्या पत्रात मर्यादाही नाही आणि लेखी कन्फर्मेशनची अट मात्र आहे. कायद्याचा हा दरवाजा तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे, म्हणून तो शब्दांनीच उघडून घ्यायचा.

आता पुढचं वर्ष. समजा वेळेत कन्फर्म झालात. व्हेरिएबल जुलैच्या पगारासोबत मिळणार, आणि त्या दिवशी तुम्ही रोल्सवर असून नोटीसवर नसलं पाहिजे. त्यामुळे 31 जुलैच्या आत राजीनामा दिलात तर पूर्ण झालेल्या वर्षाची रक्कम गेली. 1 ऑगस्टला दिलात तर ती वाचते. पण 90 दिवसांची नोटीस 29 ऑक्टोबरला संपते, आणि चालू वर्षाच्या 1 एप्रिल ते 29 ऑक्टोबर या 212 दिवसांचं व्हेरिएबल कधीच मिळत नाही. तो हिशेब साधारण 2 लाख 9 हजारांचा. अशा अटींखाली नोकरी बदलणारा प्रत्येक जण काही महिन्यांचं व्हेरिएबल मागे टाकूनच जातो, तारीख कितीही हुशारीने निवडली तरी. त्यामुळे नव्या कंपनीशी पगार ठरवताना 18 लाख 60 हजार हा आकडा धरू नका. 15 लाखांवर बोला.

हे कोर्टात टिकेल का, यावर छातीठोक उत्तर देत नाही. कमावलेला पगार अडवता येत नाही, हे खरं. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला ती सांगते. पण कंपनी म्हणणार, अटी पूर्ण होईपर्यंत व्हेरिएबल देय झालंच नाही, मग ते वेतन कसं? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. पुण्याच्या दिवाणी न्यायालयात दोन लाखांसाठी दावा लावून तारखा मोजत बसायची तयारी असेल तर जरूर बोला. माझा सल्ला आहे, सही होण्याआधी चार ओळी बदलून घ्या.

नोटीसचं कलम त्या मानाने सोपं आहे, फक्त एकतर्फी आहे. प्रोबेशनमध्ये कंपनी 15 दिवसांत काढू शकते, तुम्हाला मात्र 90 दिवस द्यायचे. शिवाय नोटीसऐवजी पैसे घेणं कंपनीच्या मर्जीवर. तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही, विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 चं कलम 14 तिथे आडवं येतं. पण रिलीव्हिंग लेटर अडकवणं, फुल अँड फायनलमधून रक्कम कापणं, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये 'नोटीस पूर्ण केली नाही' असं कळवणं, हे सगळं होऊ शकतं. म्हणून रक्कम कशावर मोजणार ते लिहून घ्या. तुमचा मासिक ग्रॉस सव्वा लाख आणि बेसिक निम्मं, साडेबासष्ट हजार, असं धरू. साठ दिवस कमी पडले तर बेसिकवर 1 लाख 25 हजार, ग्रॉसवर 2 लाख 50 हजार. पत्रात नुसतं 'सॅलरी' लिहिलंय. तो शब्द उद्या ते त्यांच्या सोयीने वाचतील. एक बारीक गोष्ट : काही कंपन्या या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावत असत. 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की नोटीस पेवर जीएसटी लागत नाही. कोणी लावलाच तर परिपत्रक दाखवा.

स्पर्धक कंपनीत जायचं नाही, या कलमावर झोप उडवू नका. नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 खाली सहसा टिकत नाही. बाकी पानांवर मला विशेष काही सापडलं नाही.

आता एचआरला मेल. फोनवर 'सगळ्यांना हेच असतं' हे ऐकून घेतलंत, ते विसरा. तुमच्याच पत्राच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की हे पत्र याआधीच्या सर्व तोंडी आणि लेखी बोलण्याची जागा घेतं. तिने उद्या मेलवर 'काळजी करू नका' लिहिलं आणि परवा तुम्ही जुन्याच पत्रावर सही केलीत, तर त्या मेलचं वजन जवळपास संपलं. म्हणून मागणी करायची ती सुधारित पत्राची, नाहीतर पत्राला जोडलेल्या आणि कंपनीतर्फे सही केलेल्या पुरवणीची. त्यात एवढं असावं :

प्रोबेशन वाढवायचं असेल तर मुदत संपण्याच्या 15 दिवस आधी कारणासह लेखी कळवावं. वाढ एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने. तसं कळवलं नाही तर मुदतीनंतर कन्फर्म समजावं.

व्हेरिएबल जॉइन झालेल्या तारखेपासून दिवसांच्या प्रमाणात मोजावं. त्यासाठी 31 मार्चला कन्फर्म असण्याची अट असू नये.

पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाचं व्हेरिएबल पैसे देण्याच्या दिवशी नोटीसवर असलेल्यालाही द्यावं.

प्रोबेशनमधली नोटीस दोन्ही बाजूंना सारखी असावी, आणि नोटीसऐवजी द्यायची रक्कम बेसिकवर मोजावी.

चारही मान्य होतील असं समजू नका. मोठ्या कंपन्या छापील मसुदा सहसा हलवत नाहीत, आणि तिसरी मागणी तर क्वचितच मान्य होते. पहिल्या दोनपैकी एक तरी मिळाली की तुमचे पहिल्या वर्षाचे 1 लाख 94 हजार कोणाच्या टेबलावर पडून राहिलेल्या फॉर्मवर अवलंबून राहत नाहीत. दुसरी तर त्यांना सोपी जावी, कारण त्यात फक्त एक शब्द काढायचा आहे. ते काहीच बदलायला तयार नसतील, तर जॉइनिंग अलीकडे घेता येते का ते विचारा. तुमच्या सध्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस तुम्ही लिहिलेला नाही. 1 सप्टेंबरला रुजू झालात तर सहा महिने फेब्रुवारीअखेर संपतात आणि मार्च सगळा हातात राहतो. हा उपाय कागद न बदलता होतो.

व्हेरिएबल पॉलिसीचं पीडीएफही याच मेलमध्ये मागा. पत्र म्हणतं की रक्कम पॉलिसीप्रमाणे, आणि पॉलिसी वेळोवेळी बदलता येईल. म्हणजे ज्या कागदावर 3 लाख 60 हजार अवलंबून, तो तुम्ही पाहिलेलाच नाही. त्यात तीन गोष्टी शोधा : कंपनीच्या नफ्याचा वाटा किती आणि तुमच्या रेटिंगचा किती, कोणत्या रेटिंगला शून्य मिळतं, आणि कोणत्या तारखेनंतर जॉइन झालेल्यांना पहिलं वर्ष वगळलं जातं. ही तारीख 16 सप्टेंबरच्या आधीची निघाली तर वर केलेला पहिल्या वर्षाचा हिशेब शून्यावर येतो, आणि मग पहिल्या दोन मागण्या सोडून सगळा जोर फिक्स्ड थोडं वाढवण्यावर लावा.

पॉलिसी देता येत नाही, जॉइन झाल्यावर पोर्टलवर दिसेल, असं उत्तर येऊ शकतं. तसं आलं तर लेखी विचारा की गेल्या वर्षी तुमच्या ग्रेडला किती टक्के व्हेरिएबल मिळालं. आकडा आला तर तो मेल, सुधारित पत्र आणि पॉलिसीची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, कारण ऑफिसचा मेलबॉक्स शेवटच्या दिवशी बंद होतो. जॉइन झाल्यावर 1 मार्चला मॅनेजर आणि एचआर दोघांना एक ओळ पाठवा : 15 मार्चला प्रोबेशन संपतंय, कन्फर्मेशनची प्रक्रिया कुठवर आली? उत्तर नाही आलं तर 10 मार्चला पुन्हा.