हवा तेवढाच पॅच का घेता येत नाही?

प्रश्न: ऑफिसात विंडोज १० चे ३० पीसी आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये साधा सपोर्ट संपल्यावर अपडेटची मुदतवाढ घेतलेले. विंडोज ७ असताना मी यादीतून हवा तो पॅच टिक करायचो आणि नको तो सोडायचो. आता दर महिन्याला एकच मोठं पॅकेज येतं, घ्या नाहीतर सोडा. असं का केलं? आणि दोन महिने राहून गेले तर आधीची दोन टाकावी लागतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो: नाही. सगळ्यात नवं एकच टाका, मागची दोन त्यातच आहेत.

आता पहिला. तुम्ही ती टिक करत होता, पण निवड तुम्हाला वाटत होती तेवढी तुमच्या हातात तेव्हाही नव्हती. पॅच म्हणजे फाइलला लावलेलं ठिगळ नव्हे, अख्खी फाइलच बदलते. समजा जानेवारीत `win32k.sys` मधली एक चूक दुरुस्त झाली आणि मार्चमध्ये त्याच फाइलमधली दुसरी. मार्चची फाइल जानेवारीच्या दुरुस्तीसकटच तयार होते. म्हणजे जानेवारीचा पॅच मुद्दाम सोडून मार्चचा घेणाऱ्याकडे जानेवारीची दुरुस्ती गुपचूप आलेलीच असायची. फाइलच्या आत सगळं आधीपासूनच क्युम्युलेटिव्ह, म्हणजे मागचं सगळं पोटात घेणारं होतं.

हॉटफिक्सचा घोळ याहून मोठा. त्या काळी एकाच फाइलच्या दोन शाखा चालायच्या. जीडीआर शाखेत सगळ्यांसाठीच्या, मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या. एलडीआर शाखेत त्या, आणि वर एखाद्या ग्राहकाच्या तक्रारीवरून केलेले सगळे हॉटफिक्स. एक हॉटफिक्स टाकला की ती फाइल एलडीआरवर जायची, आणि मागितले नव्हते ते बाकीचे हॉटफिक्सही तिच्यासोबत यायचे.

मग निवड उरत होती कुठे? वेगवेगळ्या फाइलींमध्ये. आणि खरी दुखणी तिथलीच. एकमेकांवर अवलंबून नसलेले २० पॅच घ्या. प्रत्येक टाकायचा की नाही, एवढंच ठरवलं तरी मशीनच्या १०,४८,५७६ वेगवेगळ्या अवस्था होतात. मायक्रोसॉफ्टच्या लॅबमध्ये चाचणी व्हायची ती सगळे पॅच टाकलेल्या मशीनवर. तुमचं मशीन त्या अवस्थेत कधी नसायचंच. म्हणून विंडोज १० मध्ये २०१५ पासून सुरुवातीलाच हा पर्याय काढला, आणि ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ लाही मासिक रोलअप, म्हणजे असंच एकत्र पॅकेज लावलं. (तेव्हा फक्त त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्यांचं वेगळं पॅकेजही मिळायचं. ते क्युम्युलेटिव्ह नव्हतं. एक महिना चुकला की तेवढं भोक राहायचं.)

तोटाही आहे, आणि तो मार्च २०२१ मध्ये चांगलाच दिसला. ९ मार्चला `KB5000802` आलं, बिल्ड 19042.867. ते टाकल्यावर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळा स्क्रीन, `APC_INDEX_MISMATCH`. पूर्वीसारखं असतं तर तेवढा एक पॅच काढला असता. इथे प्रिंटर चालवायचा तर अख्खं पॅकेज काढायचं, म्हणजे त्या महिन्याच्या सगळ्या सुरक्षा दुरुस्त्या गमवायच्या. १५ मार्चला वेळापत्रकाबाहेर `KB5001567` आलं, बिल्ड 19042.868. तेही क्युम्युलेटिव्हच; ज्याने मार्चचं काहीच टाकलं नव्हतं त्याला थेट हेच चाललं असतं. कुठलं मशीन कुठवर आलंय ते `winver` मध्ये टिंबानंतरच्या आकड्यावरून कळतं. ३० पीसींवर केबींची यादी जुळवत बसण्यापेक्षा हा एक आकडा बघा.

काढायची वेळ आलीच तर पॅकेजमध्ये सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट टाकणारा विंडोजचा भागही असतो हे लक्षात ठेवा. तो निघत नाही, म्हणून `wusa /uninstall` अडतं. आधी नाव शोधा. ते `Package_for_RollupFix` ने सुरू होतं:

```
dism /online /get-packages
dism /online /remove-package /packagename:<पूर्ण नाव>
```

काही बिघाडांसाठी मायक्रोसॉफ्ट आता नोन इश्यू रोलबॅक वापरतं. त्यात जुना आणि नवा कोड दोन्ही फाइलमध्येच असतात आणि पॉलिसीने जुना चालू करता येतो. पण ही सोय सुरक्षा दुरुस्त्यांना नाही.

डाउनलोडच्या आकाराची धास्ती नको. १८०९ आवृत्तीपासून पॅकेजमध्ये पूर्ण फाइली नसतात. मूळ आवृत्तीपासूनचा फरक असतो, म्हणून ते पूर्वीच्या मानाने बरंच आटोपशीर झालं.

तुमच्या जागी मी असतो तर तीन पीसी वेगळे काढले असते. त्यातला एक अकाउंट्सचा, कारण तिथेच सगळ्यात जुना प्रिंटर असतो. त्यांना पहिल्या दिवशी अपडेट, बाकी २७ ना पॉलिसीने सात दिवस उशिरा. ती मुदत ३० दिवसांपर्यंत नेता येते, पण तेवढी ताणू नका. मार्च २०२१ ची पहिली दुरुस्ती सहाव्या दिवशी आली होती.