पानशेतच्या निबंधातले चार ‘अज्ञात’

“पानशेतच्या पुरावर निबंध लिहिलाय. सरांच्या स्लाइड्स, युट्यूबवरची एक मुलाखत, एक पॉडकास्ट आणि इन्स्टाग्रामवरचा जुना फोटो वापरलाय. कुठेच लेखकाचं पान नाही, म्हणून संदर्भसूचीत चारही ठिकाणी ‘अज्ञात’ लिहून लिंक दिली. मॅडमनी सूची परत केली. आता लेखक कुठून आणू?”

एम.ए.च्या पहिल्या वर्षाची ही विद्यार्थिनी निबंधाचा प्रिंटआउट घेऊन आली, तेव्हा आम्ही आधी सूची पाहिली नाही. निबंधातले कंस पाहिले. ‘(अज्ञात, २०२३)’ असा एकच कंस तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत होता आणि प्रत्येक वेळी रोख वेगळ्या साधनाकडे होता. वाचणाऱ्याला कुठला अज्ञात कुठला, हे कळायला मार्गच नव्हता. तिचा विभाग संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती वापरतो. त्या पद्धतीत ‘अज्ञात’ हा शब्द लेखकाच्या जागी तेव्हाच येतो, जेव्हा खुद्द साधनावर ‘अज्ञात’ अशीच सही असते. लेखक खरोखरच सापडत नसेल, तर शीर्षक पुढे सरकून लेखकाची जागा घेते. पण तिच्या चारही साधनांना लेखक होता. ती लेखकाची ओळख करून देणारं पान शोधत होती. शोधायचं होतं ते एवढंच, की ही गोष्ट लोकांसमोर कोणी ठेवली.

मुलाखतीपासून सुरुवात केली, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या दिवसाची आठवण सांगणारे एक आजोबा व्हिडिओत होते. तिला वाटत होतं, बोलणारे आजोबा म्हणजे लेखक, आणि त्यांचं पूर्ण नाव कुठेच नाही. एपीएमध्ये युट्यूबवरच्या व्हिडिओचा लेखक म्हणजे तो चढवणारं चॅनेल. बोलणाऱ्याची ओळख निबंधाच्या वाक्यात द्यायची: ‘नारायण पेठेतील एका रहिवाशाच्या आठवणीनुसार…’ नोंद अशी झाली:

```
चॅनेलचे नाव. (वर्ष, दिनांक महिना). व्हिडिओचे शीर्षक [व्हिडिओ]. YouTube. दुवा
```

तारखेच्या जागी तिने फक्त वर्ष लिहिलं होतं, तेही अंदाजाने, कारण स्क्रीनवर ‘२ वर्षांपूर्वी’ एवढंच दिसत होतं. व्हिडिओखालचं वर्णन उघडलं की नेमकी तारीख दिसते. मग लिंक पाहिली. मोबाइलवरून शेअर केल्यामुळे तिच्या शेवटी `?si=` आणि त्यापुढे अक्षरांची माळ चिकटली होती. ती काढून टाकली तरी लिंक चालते. आणि निबंधातल्या कंसात मिनिट-सेकंद घातले, ‘(चॅनेलचे नाव, वर्ष, १४:२०)’. पुस्तकाला जसा पृष्ठक्रमांक, तशी व्हिडिओला ही वेळ. पन्नास मिनिटांच्या मुलाखतीतलं एक वाक्य शोधायला परीक्षकाने सगळी मुलाखत ऐकावी, अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

इथे एक अडचण निघाली. तिने वापरलेला व्हिडिओ चार मिनिटांचा होता आणि कोपऱ्यात दुसऱ्याच चॅनेलचं चिन्ह होतं. म्हणजे कोणीतरी मोठ्या मुलाखतीतला तुकडा कापून आपल्या नावाने चढवला होता. चिन्हावरचं नाव शोधल्यावर मूळ मुलाखत मिळाली. तिची तारीख आधीची होती आणि लांबी पूर्ण होती. नोंद मूळ मुलाखतीची केली, कंसातली १४:२० ही वेळही तिच्यातलीच. तुकड्यात आजोबांचं पुढचं वाक्य कापलं गेलं होतं. त्यात ते म्हणतात, की हे मी स्वतः पाहिलं नाही, शेजाऱ्यांकडून ऐकलं. निबंधात मात्र ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली म्हणून आली होती. ते वाक्य तिने बदललं.

पॉडकास्टचं लवकर झालं. भागाचा लेखक म्हणजे सूत्रसंचालक, नावापुढे कंसात ‘सूत्रसंचालक’. पाहुण्याचं नाव लेखक म्हणून येत नाही, ते निबंधाच्या वाक्यात येतं. नोंदीत भागाचं शीर्षक साध्या अक्षरात आणि पॉडकास्टचं नाव तिरप्या अक्षरात. सूत्रसंचालकाचं नाव ॲपमध्ये दिसत नव्हतं, पण भागाच्या पहिल्या मिनिटात त्याने स्वतःच सांगितलं होतं.

सरांच्या स्लाइड्सना लेखक उघडच होता, सर. तिने मात्र फाइलच्या गुणधर्मांत पाहून तिथलं नाव टिपून ठेवलं होतं. तिथे बहुतेकदा ती फाइल ज्याच्या संगणकावर बनली त्याचं नाव असतं, आणि ते कोणाचंही असू शकतं. खरा प्रश्न होता, वाचणाऱ्याला ही फाइल उघडता येईल का? निबंध त्याच वर्गासाठी असेल आणि फाइल गूगल क्लासरूमवर असेल, तर सूचीत नोंद करायची: सरांचं नाव, तारीख, शीर्षक, चौकोनी कंसात ‘पॉवरपॉइंट स्लाइड्स’, क्लासरूमचं नाव आणि लॉगिन पानाची लिंक. निबंधातल्या कंसात स्लाइडचा क्रमांक. पण तोच मजकूर पुढे प्रबंधात गेला आणि बाहेरचे परीक्षक आले, तर त्यांना ती फाइल दिसणार नाही. मग ते ‘वैयक्तिक संवाद’ ठरतं. नाव आणि तारीख फक्त निबंधातल्या कंसात, सूचीत काहीच नाही. रेकॉर्ड न झालेल्या तासाला सर तोंडी जे बोलले, त्यालाही हाच नियम.

सातव्या स्लाइडवर मृतांचा एक आकडा होता आणि तिने तो सरांच्या नावावर टाकला होता. सरांनी तो आकडा मोजलेला नाही, कुठून तरी घेतलेला आहे. पानशेतच्या बळींचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे मिळतात, म्हणून हा मुद्दा इथे जास्तच नाजूक. तिला सांगितलं, ‘सरांनाच विचार, हा आकडा कुठला?’ सरांनी ग्रंथालयातल्या एका पुस्तकाचं नाव सांगितलं. ते पान उघडून पाहिल्यावर संदर्भ पुस्तकाचा दिला आणि आकड्यापुढचा स्लाइडचा कंस गळला. स्लाइड हे सरांच्या मांडणीसाठी साधन आहे. त्यावर उतरवलेल्या आकड्यासाठी मूळ जागीच जावं लागतं.

शेवटी फोटो: पाण्यात बुडालेला पूल. पोस्ट टाकणाऱ्याचं खरं नाव कुठेच नव्हतं, फक्त हँडल होतं. चालतं, हँडलच लेखक. खरं नाव माहीत असतं तर ते आधी आणि हँडल चौकोनी कंसात आलं असतं. पोस्टला शीर्षक नसतं, म्हणून मजकुराचे पहिले वीस शब्द शीर्षकाच्या जागी, आणि एक इमोजी म्हणजे एक शब्द.

```
@हँडल. (वर्ष, दिनांक महिना). मजकुराचे पहिले २० शब्द [छायाचित्र]. Instagram. दुवा
```

पण ही नोंद सांगते ती पोस्ट कोणाची, फोटो कोणाचा ते नाही. आम्ही तो फोटो गूगलवर चित्रावरून शोधला, तर तोच दुसऱ्या एका खात्यावर दुसऱ्याच पुराचा म्हणून होता. दोन्ही पोस्टमध्ये छायाचित्रकाराचं नाव नाही, मूळ छापील जागा नाही. अशा फोटोवर ‘१९६१ मधील लकडी पूल’ असं ठामपणे लिहिता येत नाही. समाजमाध्यमांवर पुराची आठवण कशी फिरते, हा निबंधाचा मुद्दा असता तर पोस्ट चालली असती. तिचा मुद्दा पाणी कुठवर चढलं हा होता. तिने फोटो काढून टाकला आणि त्या परिच्छेदात मुलाखतीतलं १४:२० चं वाक्य ठेवलं.

नव्या सूचीत चार नोंदी होत्या: मुलाखत, पॉडकास्ट, सरांच्या मांडणीसाठी स्लाइड्स आणि आकड्यासाठी पुस्तक.